काटा पंधरावर, तरीही

टिटवाळ्यातल्या एखाद्या लहान प्रसूतिगृहात मागच्या खोलीत उभा ऑटोक्लेव्ह हमखास दिसतो. जाड भांडं, तळाशी पाणी आणि हीटर, झाकणावर पिळायचे स्क्रू, दाबाचा काटा आणि हवा सोडायची तोटी. पॅरिसला पाश्चरच्या प्रयोगशाळेत शांबरलांने 1879 मध्ये बनवलेल्या यंत्राचाच हा वंशज.

परीक्षेत सगळे लिहितात: 15 पौंड दाब, 121 अंश सेल्सिअस, 15 मिनिटं. पण जंतू दाबाने मरत नाहीत. वाफ थंड कापडावर निवते, तेव्हा तिच्यातली उष्णता कापडाला मिळते आणि जंतूंची प्रथिनं गोठतात. दाब हवा तो वाफेला शंभराच्या पुढे न्यायला. म्हणूनच आत हवा उरली की घात होतो. हवा अजिबात काढली नाही, तर काटा 15 वर असूनही तापमान शंभराच्या आसपासच राहतं; निम्मी काढली, तर 112 पर्यंत जातं. टिटवाळा समुद्रसपाटीपासून फार उंच नाही, त्यामुळे इथे 15 पौंडांचा हिशेब जुळतो. महाबळेश्वरला बाहेरच्या हवेचाच दाब कमी, तिथे काटा 15 वर असला तरी तापमान 121 च्या आतच राहतं.

हवा गेली हे ओळखायची जुनी युक्ती सोपी आहे. तोटीची रबरी नळी पाण्याच्या बादलीत सोडायची. बुडबुडे थांबले की तोटी बंद करायची आणि दाब चढू द्यायचा. तापमान 121 वर पोचल्यावरच घड्याळ सुरू.

आता एक प्रसंग धरा. सिस्टरने ड्रम काढला, वरच्या टेपवर काळे पट्टे उमटलेले. पण गॉजच्या मधोमध ठेवलेली बीजाणूंची जांभळी कुपी 55 ते 60 अंशांवर उबवल्यावर दुसऱ्या दिवशी पिवळी झाली. खरं कोण? कुपी. टेप एवढंच सांगते की ड्रमला बाहेरून उष्णता लागली. कुपीतले जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसचे बीजाणू जिवंत राहिले, वाढले, त्यांनी आम्ल तयार केलं, म्हणून रंग पालटला. इथेच विद्यार्थी फसतात: टेपचा रंग बदलायला हवा, कुपीचा मात्र बदलता कामा नये. शिवाय त्याच बॅचची एक कुपी ऑटोक्लेव्हमध्ये न घालता उबवायची असते. ती पिवळी झालीच पाहिजे, नाहीतर बीजाणू आधीच मेलेले होते आणि चाचणीला अर्थ नाही.

दोष कुठे, ते बहुधा ड्रममध्येच सापडतं. कपडे ठासून भरलेले, किंवा ड्रमची भोकं आत ठेवताना उघडायची राहिलेली. भोकं ऑटोक्लेव्हमध्ये उघडी आणि बाहेर काढल्याबरोबर बंद, हा क्रम माझ्या मते पाठ्यपुस्तकात ठळक अक्षरात हवा.

निर्जंतुकीकरण आणि साधं जंतुनाशन यांतला फरकही त्या कुपीतच आहे. फिनाइलने पुसलेल्या फरशीवर बीजाणू टिकू शकतात; शस्त्रक्रियेच्या गॉजमध्ये एकही चालत नाही. म्हणून ज्या फेरीची कुपी पिवळी झाली, त्या फेरीतला प्रत्येक ड्रम परत मागवतात, त्यावरची टेप कितीही काळी असली तरी.