वायर गेली, उशीर किती आला?

निन्टेंडोच्या सुपर एनईएसचा कंट्रोलर बिनवायरचा करायला कन्सोल उघडावा लागत नाही. छोटा रिसीव्हर पोर्टमध्ये खोचायचा, ब्लूटूथ कंट्रोलर जोडायचा, की झाले. वीजही पोर्टच पुरवते.

गंमत पुढे आहे. अमेरिकी आणि जपानी कन्सोलवर खेळ साधारणपणे दर फ्रेमला, म्हणजे सुमारे 16.7 मिलिसेकंदांनी, एकदाच विचारतो, ‘कोणती बटणे दाबली आहेत?’ रिसीव्हर हाताशी असलेली ताजी स्थिती सांगून मोकळा होतो. समजा, हवेतून येताना 8 मिलिसेकंद गेले. मग जवळपास निम्म्या वेळा बटण त्याच फ्रेममध्ये पोचते, उरलेल्या वेळा एक फ्रेम उशिरा. म्हणूनच उडी कधी अचूक बसते, कधी हुकते.

पोर्ट मात्र दोनच. एका खेळाडूचा रिसीव्हर असेल, तर खेळाडूही दोनच. ‘सुपर बॉम्बरमॅन’ चौघांनी खेळायचा तर दुसऱ्या पोर्टला मल्टिटॅप हवा आणि प्रत्येकाला वेगळा रिसीव्हर. खर्च तिथेच फुगतो.

खेळ संथ वाटला, तर आधी त्याच टीव्हीवर वायरचा कंट्रोलर लावून पाहा. तरीही उशीर जाणवला, तर टीव्हीचा गेम मोड चालू करा; दोष रिसीव्हरचा नाही.