खिडकीवरचा राग, डॉक्टरांच्या खात्यात

समजा, एक आजी सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीतून बाहेर पडताहेत. दारात कुणी विचारतं, "आजी, इथल्या सेवेबद्दल समाधानी आहात का?" आजी तुटकपणे म्हणतात, "नाही." आता हे 'नाही' कुणाच्या पदरात टाकायचं? रांगेच्या, खिडकीवरच्या माणसाच्या, की डॉक्टरांच्या?

'कर्मचारी नम्र आणि तत्पर होते का?' हा प्रश्नही तसाच फसवा. गोड बोलणारा माणूस सावकाश असू शकतो. शिवाय एका गोष्टीचा राग दुसरीवर सांडतो. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये दाखवलं, की लष्करी अधिकारी सैनिकांची शरीरयष्टी, बुद्धी आणि नेतृत्व यांना वेगवेगळे गुण देताना प्रत्यक्षात एकाच मताचे रंग सगळीकडे फासत होते.

म्हणून वेळेबद्दल मत नंतर, आधी घड्याळ. आवारात किती वाजता आलात? डॉक्टरांनी किती वाजता बोलावलं? औषध कधी हातात पडलं? केसपेपरवर छापलेली वेळ यासाठी पुरत नाही, कारण केसपेपरच्या रांगेतला तास त्यात येतच नाही. आजी सातला आल्या, पेपर निघाला आठला, डॉक्टरांनी बोलावलं साडेदहाला. कागदावर अडीच तास, आजींच्या पायांना साडेतीन.

वागणुकीचा प्रश्न ठिकाणावार हवा: केसपेपरची खिडकी, नर्स, डॉक्टर, औषधाची खिडकी. 'तिथे कुणी खेकसलं का?', 'तुमचं म्हणणं पुरतं ऐकून घेतलं का?' असं घडलेलंच विचारावं. आणि विचारणारा रुग्णालयाच्या गणवेशात नसावा. पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच दारात यायचं असलेला माणूस गणवेशासमोर तक्रार करत नाही.

खरी मेख उपचार समजण्याच्या प्रश्नात आहे. 'डॉक्टरांनी नीट समजावलं का?' असं विचारलं की बहुतेक जण मान डोलावतात. नाही म्हटलं तर आपल्याला कळलं नाही असं कबूल केल्यासारखं होतं. त्यापेक्षा विचारावं, "आजी, घरी सुनेला या गोळ्यांबद्दल काय सांगाल? परत कधी यायचंय? काय झालं तर तोवर न थांबता यायचं?" उत्तर केसपेपरशी ताडून पाहायचं. परीक्षेचा सूर मात्र नको. चुकलं तर ती सांगणाऱ्याची चूक धरायची, आणि योग्य माहिती तिथल्या तिथे द्यायची.

आमच्या आजी रांगेवर चिडलेल्याच आहेत. पण रक्तदाबाची गोळी रोज सकाळी एक, महिन्याने परत यायचं, छातीत दुखलं तर लगेच, हे त्या बिनचूक सांगतात. नर्सबद्दल म्हणतात, "पोरगी चांगली होती." जुन्या फॉर्मवर त्यांनी डॉक्टर, नर्स, औषध सगळ्यांना पाचपैकी दोन दिले असते. अशा सरळ खाली उतरणाऱ्या दोनांचा ढीग दिसला, की समजावं, प्रश्न वेगळे छापले आहेत, पण उत्तरं एकाच रागातून आली आहेत.