नवलाई कुठं जाते?

मागच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "नवरा चांगला आहे, व्यसन नाही, भांडण नाही. तरी रात्री दोघं बसलो की बोलायला काही सुचत नाही. असं का होतं?" आधी सगळ्या हसल्या. मग चारपाच जणी म्हणाल्या, "आमचंही तेच." म्हणून आज त्यावर बोलू.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आर्थर अ‍ॅरन आणि त्यांच्या पत्नी इलेन यांनी 1986 साली एक विचार मांडला. त्याला स्व-विस्तार म्हणतात. माणसाला आतून वाढायची ओढ असते. नवं कळावं, नवं करता यावं, असं त्याला वाटतं. लग्न नवं असतं तेव्हा ही वाढ भराभर होते. त्याच्या मामाचं गाव कळतं, त्याला पोहायला येतं हे कळतं, त्याला तुमच्या हातची आमटी कळते. एका माणसाच्या जगात दुसऱ्याचं जग येऊन मिळतं. हुरूप येतो तो या वेगाचा. पाचसहा वर्षांत बहुतेक सगळं कळून जातं आणि वेग मंदावतो. प्रेम आटलेलं नसतं, पण नवं मिळणं थांबलेलं असतं. आणि आपण मात्र समजतो, माणूसच बदलला!

मग दोघांनी मिळून नवं काही केलं तर हुरूप परत येईल का? हे अ‍ॅरन यांनी तपासून पाहिलं. 2000 साली छापलेल्या एका प्रयोगात नवराबायकोचा एका बाजूचा हात आणि पाय एकमेकांना बांधला. दोघांनी मधे एक लोड धरायचा, त्याला हात किंवा दात लावायचे नाहीत, आणि गादीवरून रांगत, वाटेतला अडथळा ओलांडून, वेळेत पलीकडे जाऊन परत यायचं. दुसऱ्या जोडप्यांना सावकाश चेंडू ढकलत नेण्याचं साधं काम दिलं. सगळा खेळ सातेक मिनिटांचा. आधी आणि नंतर प्रश्न विचारले, तेव्हा लोडवाल्या जोडप्यांना आपलं नातं आधीपेक्षा बरं वाटू लागलं होतं. चेंडूवाल्यांत तसं दिसलं नाही.

त्याआधी 1993 साली 53 जोडप्यांवर दहा आठवडे एक अभ्यास झाला होता. काहींनी दर आठवड्याला दीड तास दोघांना नुसतं आवडणारं काही करायचं, काहींनी दोघांना उत्साह वाटेल असं करायचं. समाधान जास्त वाढलं ते उत्साहवाल्यांचं. नुसतं गोड पुरलं नाही, ही आम्हाला यातली मोलाची गोष्ट वाटते.

आता आपल्या भागातलं एक जोडपं घेऊ, नाव सांगत नाही. लग्नाला चौदा वर्षं झालेली. आधी त्यांनी ठरवलं, दर बाजारच्या दिवशी दोघांनी भेळ खायची. बरं वाटलं, पण महिनाभरात तेही बाजाराच्या पिशवीसारखं झालं. मग तो तिला मोटारसायकल शिकवायला लागला. तिच्यासाठी नवं होतं, त्याच्यासाठी नव्हतं. तो मास्तर झाला, "क्लच सोड, सोड म्हटलं ना!" तिसऱ्या दिवशी ती उतरून चालत घरी आली.

पुढे शेजारच्या आजींकडे दोघं बांबूची टोपली विणायला बसले. दोघांनाही काही येत नव्हतं. एकानं तळाच्या कामट्या दाबून धरायच्या, दुसऱ्यानं विणत जायचं. धरणाऱ्याचा हात सुटला की सगळं उसवायचं. पहिली टोपली एका बाजूला कलली. आजी म्हणाल्या, "ही कोंबडीलासुद्धा चालायची नाही." त्या रात्री दोघं त्या टोपलीवरच बोलत राहिले. ताई म्हणतात, "बोटाला कूस लागली की हे इतके हळू काढतात, मला ठाऊकच नव्हतं."

इथं दोघंही शिकाऊ होते आणि एकमेकांवाचून काम होत नव्हतं. शिवाय काम जमेल इतपतच अवघड होतं. फार अवघड, भीतीचं किंवा खर्चाचं काम काढलं तर चिडचिडच हाती लागते. एकाला हौस आणि दुसरा ओढून आणलेला, तरीही तसंच. पूर्ण झाल्यावर दोघांकडे सांगायला काही आहे का, यावरून ओळखता येतं.

एक मात्र स्पष्ट सांगतो. हे कंटाळ्यावरचं औषध आहे. घरात मार असेल, दारू असेल, नवऱ्याची भीती वाटत असेल, तर टोपली विणून ते सुटत नाही. तिथं बाईनं 181 या महिला हेल्पलाइनला फोन करावा.

सहावी टोपली सरळ झाली, तसे ते पुन्हा गप्प बसू लागले. हात बसला होता ना! आता दोघांनी शेजारच्या तळ्यावर गळ टाकायचं काढलंय. अजून मासा लागलेला नाही.