नवं-जुनं: सोनेतारण कर्जाच्या शेवटच्या आकड्याचा मागोवा

सोनं गहाण ठेवताना माणूस दोनच प्रश्न विचारतो: ग्रॅमला किती देणार आणि व्याज किती टक्के. दागिने सोडवायला गेल्यावर मात्र हातात पडणारा आकडा या दोन उत्तरांवर ठरत नाही. व्याज कधी मुद्दलात मिसळलं, कर्ज किती वेळा नवं-जुनं झालं आणि प्रत्येक वेळी कोणता खर्च लागला, यावर तो ठरतो. २०१२ पासून रिझर्व्ह बँकेने या कर्जाचे नियम अनेकदा बदलले. त्या बदलांकडे या शेवटच्या आकड्याच्या बाजूने पाहिलं, तर कर्जदाराच्या उपयोगाचं बरंच काही हाती लागतं.

मार्च २०१२ मध्ये बिगरबँक वित्त कंपन्यांना सोन्याच्या किमतीच्या ६० टक्क्यांपर्यंतच कर्ज देण्याचं बंधन आलं. जानेवारी २०१४ मध्ये ही मर्यादा ७५ टक्के झाली. याच वर्षांत भाव घसरले. २०१२ मध्ये दहा ग्रॅमला सुमारे ३१ हजार असलेलं सोनं २०१५ मध्ये २६ हजारांच्या आसपास आलं. भाव पडत असताना व्याज मात्र चढतच राहतं, आणि तारणाची किंमत कर्जापेक्षा कमी झाली की प्रकरण लिलावाकडे वळतं. म्हणूनच या ७५ टक्क्यांत व्याज धरायचं की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा होता. बँकांनी ते व्याजासह मोजायचं, असा नियम होता. बिगरबँक कंपन्यांत हिशेब मुद्दलावर चाले.

हा फरक सर्वांत जास्त जाणवतो तो बुलेट रिपेमेंटमध्ये, म्हणजे एकरकमी फेडीच्या कर्जात. यात महिन्याला हप्ता नसतो. मुदत जास्तीत जास्त बारा महिन्यांची असते आणि मुद्दल व व्याज शेवटी एकदम भरायचं असतं. पीक हाती आल्यावरच पैसा पाहणाऱ्यांना हा प्रकार सोयीचा असतो. नागरी सहकारी बँकांना अशी कर्जं आधी एक लाखापर्यंत देता येत. २०१४ मध्ये ती मर्यादा दोन लाख झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये, अग्रक्रम क्षेत्राची उद्दिष्टं गाठलेल्या बँकांसाठी ती चार लाख करण्यात आली. या कर्जात मागणी वर्षाअखेरीस होत असली, तरी व्याज खात्यावर दर महिन्याला चढतं. ‘हप्ता नाही’ याचा अर्थ ‘चक्रवाढ नाही’ असा होत नाही.

एक हिशेब मांडून पाहू. निव्वळ ३० ग्रॅम वजनाचे २२ कॅरेटचे दागिने आहेत आणि भाव ग्रॅमला ६,००० रुपये आहे. तारणाची किंमत झाली १,८०,०००. त्यावर १२ टक्के दराने एक लाखाचं बुलेट कर्ज घेतलं. साध्या व्याजाने वर्षाअखेरीस १,१२,००० झाले असते. मासिक चक्रवाढीने १,१२,६८३ होतात. फरक ६८३ रुपयांचा, म्हणजे कोणाला खुपण्याइतका मोठा नाही.

खरा फरक पडतो तो नवं-जुनं करताना. वर्ष संपलं आणि पैसे नाहीत. तेव्हा वर्षानुवर्षं रीत अशी होती की जुनं खातं कागदोपत्री बंद करायचं, त्याच दागिन्यांवर १,१२,६८३ रुपयांचं नवं खातं उघडायचं आणि कर्जदाराने फक्त सह्या करायच्या. असं दोनदा झालं, तर तिसऱ्या वर्षाअखेरीस येणं होतं १,४३,०७७. व्याज दर वर्षी भरलं असतं, तर तीन वर्षांत ३८,०४८ रुपये व्याज गेलं असतं आणि शेवटी एक लाख भरून दागिने सुटले असते. व्याजावरच्या व्याजाचा जादा भार तसा पाच हजारांचाच आहे. पण सोडवण्याच्या दिवशी एकदम उभी करायची रक्कम ४३ हजारांनी वाढलेली असते, आणि अनेकांचे दागिने तिथेच अडकतात.

नूतनीकरणाचा खर्च याहून वेगळा. नवं खातं म्हणजे पुन्हा प्रक्रिया शुल्क, पुन्हा सराफाची मूल्यांकन फी आणि या शुल्कांवर १८ टक्के जीएसटी. व्याजावर जीएसटी नसतो. समजा शुल्क ५०० रुपये आहे, म्हणजे करासह ५९०. एक लाखाच्या कर्जात ते फारसं जाणवत नाही. वीस हजारांच्या कर्जात तेच ५९० रुपये जवळपास तीन टक्क्यांएवढे होतात आणि १२ टक्क्यांचं कर्ज प्रत्यक्षात १५ टक्क्यांना पडतं. छोट्या कर्जदाराने दरापेक्षा शुल्काकडे आधी पाहावं, ते यासाठीच.

पुढे सोन्याचा भाव चढत राहिल्यामुळे हे नवं-जुनं बरीच वर्षं झाकलेलं राहिलं. २०२४ पासून नियामकाची नजर त्यावर पडली. वितरणाआधीच्या तारखेपासून व्याज लावणं, महिन्यातले काही दिवसच कर्ज असताना पूर्ण महिन्याचं व्याज घेणं, अशा पद्धतींवर एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने बोट ठेवलं. थकबाकीवरचं दंडात्मक व्याज बंद होऊन त्याजागी दंड शुल्क आलं आणि ते मुद्दलात मिसळायला मनाई झाली. ३० सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकात, पुरेशी तपासणी न करता कर्ज पुढे ढकलण्यावर नेमका आक्षेप घेण्यात आला.

६ जून २०२५ चे निर्देश १ एप्रिल २०२६ पर्यंत लागू करणं सर्वांना बंधनकारक ठरलं. त्यांत वैयक्तिक गरजेच्या अडीच लाखांपर्यंतच्या कर्जासाठी ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८० आणि त्यापुढे ७५ टक्के मर्यादा आली. ८५ चा आकडा उदार वाटतो. पण बुलेट कर्जात तो मुदतीअखेरीस द्यायच्या एकूण रकमेवर मोजायचा आहे. आपल्या उदाहरणात ८५ टक्के म्हणजे १,५३,०००. १२ टक्के दराने हातात जास्तीत जास्त सुमारे १,३५,८०० पडतील, म्हणजे पुन्हा किमतीच्या ७५ टक्क्यांच्याच आसपास. दर १८ टक्के असेल, तर सुमारे १,२८,००० मिळतील. महाग व्याजाची झळ आता पहिल्याच दिवशी, कमी मिळालेल्या रकमेतून कळते.

दुसरा बदल अधिक कठोर आहे. साचलेलं व्याज भरल्याशिवाय बुलेट कर्जाचं नूतनीकरण करता येणार नाही. आपल्या कर्जदाराला वर्षाअखेरीस १२,६८३ रुपये आणावेच लागतील. नियम रास्त आहे, पण त्याला एक चोरवाट आहे: दोन दिवसांसाठी खासगी माणसाकडून चढ्या दराने हातउसने पैसे घ्यायचे, खातं बंद करायचं आणि तेच दागिने पुन्हा ठेवायचे. असं केलं की व्याज सुटत नाही, ते फक्त दुसऱ्याच्या वहीत जातं आणि वर त्या दोन दिवसांचं जादा व्याज पडतं. हे टाळायचं, तर उत्पन्न येईल तेव्हा मधेच व्याज भरत राहावं. बुलेट कर्जातही थोडी-थोडी रक्कम घेतली जाते का, हे कर्ज घेतानाच विचारून ठेवावं.

खातं बंद करताना एकच बेरीज मागू नका, उतारा मागा. त्यात मुद्दल, दर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचं व्याज, दंड शुल्क, नोटिशीचा खर्च आणि जीएसटी वेगवेगळे दिसले पाहिजेत. शंभराव्या दिवशी एक लाखाचं कर्ज बंद केलं, तर १२ टक्क्यांनी साधं व्याज ३,२८८ रुपये होतं आणि मासिक चक्रवाढीने त्यात थोडीच भर पडते. आकडा चार हजारांकडे गेलेला दिसला, तर पूर्ण महिना धरला आहे, की मुदतीनुसार दर चढणारी योजना आहे, हे विचारा. काही योजनांत कमी दर दरमहा व्याज भरणाऱ्यालाच मिळतो. ते चुकलं, तर चढा दर पहिल्या दिवसापासून लागू होऊ शकतो. ही अट सही करण्याआधी वाचायची असते.

पूर्ण फेड झाल्यावर दागिने त्याच दिवशी, फार तर सात कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवेत. नव्या निर्देशांनुसार संस्थेमुळे उशीर झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराची आहे. लिलाव झालाच, तर देणं वजा जाता उरलेली रक्कमही त्याचीच. कर्ज घेताना मात्र एक प्रश्न पहिला असावा: ‘मुदतीच्या दिवशी मला एकूण किती भरायचे?’ त्याचं लेखी उत्तर मिळालं, की ग्रॅमचा भाव आणि टक्केवारी यांची दोन संस्थांमध्ये तुलना करायची ती त्या आकड्यावरच.