मनगटाची आठ हाडं, जिवतीच्या बोलीत

जिवतीतून नर्सिंगला गेलेल्यांनो, मनगटाची हाडं पाठ होत नाहीत? अंगठ्याकडून करंगळीकडे, आधी कोपराकडची ओळ, मग बोटांकडची: स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म, ट्रॅपिझियम, ट्रॅपिझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. मी वाक्य केलं: ‘स्कूटीवर लुगडं, ट्रॉलीत पिशवी, ट्रकात ट्रंक, कापूस हवा.’

पण आधी तुमचं पुस्तक उघडा. काही जुन्या पुस्तकांत स्कॅफॉइडला नॅव्हिक्युलर म्हणतात. तिथे ‘स्कूटी’ फसवेल. ‘नवं लुगडं’ म्हणा.

खरी गफलत ‘ट्र’ची, तो तीनदा येतो. पहिल्या ओळीतला ट्रायक्वेट्रल पिशवीआधी येतो म्हणून सुटतो. ट्रॅपिझियम-ट्रॅपिझॉइडची मात्र अदलाबदल होते. त्यावर माझा उपाय: ‘झियम’मधला यम अंगठ्याखाली बसलाय.

दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून, स्वतःच्या मनगटावर बोट ठेवत आठही नावं लिहून बघा.