लोभ असावा, पण साठ दिवसांपर्यंत

शेतीपंप बनवणाऱ्या एका कंपनीसाठी मी तीन वर्षं माहितीपुस्तिका मराठीत आणत होते. करार मार्चअखेरीस संपला. शेवटचं बिल मेलला जोडलं आणि त्याच मेलमध्ये चार ओळी आभाराच्याही टाकल्या, एका दगडात दोन पक्षी म्हणून. मेल सरळ लेखा विभागाकडे गेला. तिथल्या गृहस्थांनी 'बिल मिळालं, प्रक्रियेत आहे' असं उत्तर दिलं. ज्या साहेबांसाठी ते आभार होते, त्यांच्यापर्यंत ते पोहोचलेच नाहीत.

बिलासोबत गेलेले आभार ही वसुलीची गोड प्रस्तावना वाटते, हे मला तेव्हा कळलं. आता मी आधी काम पूर्ण झाल्याची लेखी पोच घेते, बिल वेगळं पाठवते आणि आभाराचं पत्र त्यानंतर आठवडाभरात. पैसे येईपर्यंत थांबत नाही. कंपन्यांची बिलं दीड-दोन महिनेही रखडतात, आणि तोवर आपलं काम समोरच्याच्या डोक्यातून गेलेलं असतं. पत्रात मात्र थकबाकीचं अवाक्षर नको. बाकी रक्कम, टीडीएसचं प्रमाणपत्र वगैरे विचारायला लेखा विभागाचा पत्ता आहेच.

आभार कशाचे मानायचे हाही प्रश्नच. 'आपल्या बहुमूल्य सहकार्याबद्दल' हे वाक्य कुणालाही पाठवता येतं, म्हणून ते कुणालाच लागत नाही. पुढच्या खेपेला मी साहेबांना असं लिहिलं:

'सप्रेम नमस्कार. पहिल्या पुस्तिकेत मी "फूट व्हॉल्व" लिहिलं होतं. तुम्ही मला दोन विक्रेत्यांशी बोलायला लावलंत आणि शेतकरी त्याला "फुटबॉल" म्हणतात, हे तिथे कळलं. त्यानंतर प्रत्येक पुस्तिकेत दोन्ही शब्द दिले. ही सवय मला तुमच्यामुळे लागली. चाचणी विभागातल्या ज्या तंत्रज्ञांनी प्रत्येक आकृती माझ्याबरोबर तपासली, त्यांनाही हे पत्र दाखवावं.'

शेवटचं वाक्य शिष्टाचारापुरतं नाही. साहेबांची उद्या बदली होईल, दुसऱ्या कंपनीतही जातील. तंत्रज्ञ तिथेच असतील, आणि नवा माणूस 'हे मराठी कोण करायचं?' असं त्यांनाच विचारेल.

पुढचा भाग मला सर्वांत जड गेला. तीन वर्षांत साडेतीनशे शब्दांची एक सूची माझ्याकडे जमली होती: कुठल्या भागाला काय म्हणायचं, कुठला शब्द टाळायचा. ती देऊन टाकली तर उद्या कुठलाही अनुवादक माझ्या जागी बसेल, ही भीती होती. तरीही दिली. आकृत्यांच्या मूळ फाइली आणि कुठल्या पुस्तिकेची कुठली आवृत्ती अंतिम, याची यादीही दिली. सूची अडकवून ठेवली असती, तर नव्या माणसाला नवे शब्द घडवावे लागले असते. मग एकाच पंपाच्या दोन पुस्तिकांत दोन भाषा दिसल्या असत्या, आणि त्या गोंधळाशी माझंही नाव जोडलं गेलं असतं.

आता दार उघडं ठेवण्याबद्दल. जुन्या पत्रांत 'लोभ असावा' एवढ्या दोन शब्दांत ते काम होई. व्यवहारात ते पुरत नाही. पूर्वी एका ग्राहकाला मी भाबडेपणाने लिहिलं होतं, 'कधीही हाक मारा.' त्यांनी खरंच मारली. चार महिन्यांत तीनदा 'फक्त एवढं एक पान बदलून द्या' म्हणून फोन आले, आणि पैशांचा विषय काढायला मलाच संकोच वाटू लागला. म्हणून आता मी हद्द आखून देते: 'दिलेल्या मजकुरात चूक आढळली, तर 31 मेपर्यंत ती विनामूल्य दुरुस्त करीन. नवीन मजकूर किंवा बदललेला भाग हे वेगळं काम धरू. जुलैपासून माझ्याकडे वेळ आहे. रब्बीसाठी नव्या मॉडेलची पुस्तिका करायची झाली, तर छपाईच्या सहा आठवडे आधी कळवावं.'

सवलतीचा उल्लेख मी करत नाही. निरोपाच्या भरात दिलेली दहा टक्के सवलत पुढच्या वाटाघाटीत आपला मूळ दर होऊन बसते. शिफारसपत्रही याच पत्रात मागत नाही. मागितलं की आधीचे सगळे परिच्छेद त्याच्यासाठीच लिहिल्यासारखे दिसतात. माझ्या कामांच्या यादीत कंपनीचं नाव घालू का, हे महिन्याभराने वेगळं विचारते. करारात गोपनीयतेचं कलम असेल, तर विचारल्याशिवाय घालतच नाही.

उत्तरात नुसतं 'धन्यवाद, शुभेच्छा' आलं, तर मी त्यात काही शोधत बसत नाही. ऑगस्टमध्ये, रब्बीची तयारी सुरू होताना, एकदाच दोन ओळी लिहिते. साहेबांच्या उत्तरात मात्र तळाशी एक प्रश्न होता: 'सौरपंपाच्या कंट्रोलरला शेतकरी काय म्हणतात, काही कल्पना?' मला कल्पना नव्हती. मी दोन विक्रेत्यांना फोन लावले.