एडीआर ३ टक्के वाढला, मग आपला शेअर १ टक्काच का उघडला?



मागच्या महिन्यात लातूरच्या बॅचमध्ये एक जण थेट मोबाईल घेऊनच समोर आला. मोबाईल ॲक्सेसरीजचं छोटं दुकान आहे त्याचं. म्हणाला, "सर, रात्री अमेरिकेत इन्फोसिस ३ टक्के वर बंद झाला. सकाळी मी मालाच्या पेमेंटचे पैसे टाकून उघडताच घेतला. पण इथं तो १ टक्काच वर उघडला, आणि तासाभरात खाली आला. ब्रोकरनं काही गडबड केली का?"

ब्रोकरनं काही केलं नव्हतं. एकच कंपनी दोन देशांत विकली जाते तेव्हा दोन भाव एकमेकांशी कसे बांधलेले असतात, हे त्याला माहीत नव्हतं. व्यापाऱ्याचे पैसे द्यायला त्याला आठ दिवस उशीर झाला, तो याच न कळण्यामुळे. म्हणून व्हिडिओत घाईत सांगितलेला हा विषय इथं सावकाश घेतो.

आधी वस्तू समजून घेऊ

इन्फोसिस ही कंपनी १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली. तिचा शेअर मुंबईत एनएसई आणि बीएसईवर रुपयांत मिळतो. १९९९ मध्ये ती अमेरिकेत नॅसडॅकवर नोंदली गेली, आणि २०१२ च्या शेवटी तिथून न्यूयॉर्क स्टॉक एक्सचेंजवर गेली. तिथं डॉलरमध्ये जे विकलं जातं त्याला एडीआर म्हणतात, म्हणजे अमेरिकन डिपॉझिटरी रिसीट.

एडीआर ही एक पावती असते. गोदामात तूर ठेवली की गोदामवाला पावती देतो, आणि माल न हलवता ती पावती दुसऱ्याला विकता येते. तसंच हे. इन्फोसिसचे खरे शेअर भारतात एका कस्टोडियन बँकेकडे ठेवलेले असतात आणि त्यांच्यावर अमेरिकेतली डिपॉझिटरी बँक पावत्या काढते. पावती परत दिली की शेअर मोकळा होतो.

एका पावतीत किती शेअर, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. इन्फोसिसचं सोपं आहे, १ एडीआर म्हणजे १ शेअर. आयसीआयसीआय बँकेच्या एका एडीआरमध्ये २ शेअर असतात, एचडीएफसी बँकेच्या एडीआरमध्ये ३. एक जण ५० किलोच्या कट्ट्याचा भाव सांगतोय आणि दुसरा क्विंटलचा, तर आधी माप एक करावं लागतं. इथंही तेच.

जुळणारा भाव कसा काढायचा

हिशेब दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर होतो. एडीआरचा डॉलरमधला भाव गुणिले डॉलरचा रुपयातला दर, आणि त्याला भागिले एका एडीआरमधले शेअर.

समजायला सोपे आकडे घेऊ. मुंबईत शेअर १,५०० रुपयांवर बंद झाला आणि डॉलर ८५ रुपयांना आहे. मग जुळणारा एडीआर १,५०० भागिले ८५, म्हणजे साधारण १७.६५ डॉलर. तिथं तो १८ डॉलरला चालू असेल तर रुपयांत १,५३० झाले, म्हणजे अमेरिकेत २ टक्के महाग. १७.२० ला असेल तर रुपयांत १,४६२, म्हणजे अडीच टक्के स्वस्त.

आता डॉलर ८५ वरून ८६ झाला आणि कंपनीबद्दल दुसरी काहीच बातमी नाही असं समजा. मुंबईत भाव १,५०० च राहिला तर एडीआर १७.४४ डॉलरवर यायला पाहिजे. एडीआर १७.६५ वरच राहिला तर मुंबईत १,५१८ व्हायला पाहिजे. प्रत्यक्षात दोन्ही थोडे थोडे हलतात. इथं बरेच जण उलटं समजतात. डॉलर महाग झाला म्हणजे एडीआर वाढला पाहिजे असं त्यांना वाटतं. पण तेच १,५०० रुपये विकत घ्यायला आता कमी डॉलर लागतात, म्हणून दुसरं काही बदललं नाही तर डॉलरमधला भाव उतरतो. इन्फोसिससारख्या कंपनीची कमाई मात्र बरीचशी डॉलरमध्ये असते. रुपया पडला की तिचा रुपयातला नफा वाढेल या आशेनं लोक शेअर घेतात. म्हणून तिच्या बाबतीत मुंबईचा भाव वर जाण्याकडे थोडा कल असतो.

पण भाव जुळवतं कोण?

विनिमय दर फक्त माप देतो. भाव जुळवतात ते फरकावर कमाई करणारे. लातूरच्या मार्केट यार्डात आणि नांदेडच्या यार्डात सोयाबीनच्या भावात गाडीभाडं, हमाली आणि तोलाई निघून चार पैसे सुटतील एवढा फरक पडला, की कोणीतरी गाडी भरतोच. जिथं स्वस्त तिथं मागणी वाढते, जिथं महाग तिथं आवक वाढते, आणि फरक खर्चाएवढा उरतो.

एडीआर १७.२० ला आहे आणि मुंबईत शेअर १,५०० ला. एखादा मोठा परदेशी फंड १ लाख एडीआर घेतो. खर्च १७.२० लाख डॉलर, म्हणजे १४ कोटी ६२ लाख रुपये. पावत्या डिपॉझिटरी बँकेला परत देतो, भारतात १ लाख शेअर मोकळे होतात, आणि १,५०० नं विकले तर १५ कोटी येतात. वरवर ३८ लाख सुटले.

आता गाडीभाडं वजा करू. पावती रद्द करायची फी एका एडीआरला ५ सेंट धरली तर ५,००० डॉलर, म्हणजे सव्वाचार लाख रुपये. विक्रीवर ०.१ टक्का एसटीटी, म्हणजे दीड लाख. शिवाय दोन्हीकडची दलाली, भारतातला कर, आणि रुपयांचे परत डॉलर करताना बँकेचं मार्जिन. सगळ्यात मोठी जोखीम वेळेची. शेअर मोकळे होऊन विकेपर्यंत काही दिवस जातात, आणि तेवढ्यात डॉलर १ टक्का महाग झाला तर १५ कोटींवर साधारण १५ लाख गेले. म्हणून हे लोक डॉलरचा पुढचा दर आधीच बँकेशी बांधून ठेवतात, त्याचाही खर्च असतो. यामुळेच एक-दीड टक्क्याच्या फरकासाठी सहसा कोणी हात घालत नाही आणि दोन भाव अगदी तंतोतंत कधी जुळत नाहीत.

रस्ता एका बाजूनं रुंद, दुसऱ्या बाजूनं अरुंद

हा भाग नीट वाचा. एडीआर मोडून शेअर करणं तसं सोपं आहे. पण इथले शेअर घेऊन नवा एडीआर बनवणं पूर्वी जमतच नसे. २००२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं परवानगी दिली, तीही एवढीच की जितके एडीआर आधी मोडले गेले असतील तितकेच परत बनवता येतील. ही मर्यादा आजही पूर्ण सुटलेली नाही.

नांदेडहून लातूरला गाड्या मोकळ्या सुटतात, पण लातूरहून नांदेडला मोजक्याच सोडतात, असं समजा. मग नांदेडला भाव पडला तर लगेच माल लातूरला जाऊन तो सावरेल. पण नांदेडला भाव चढला तर तिथं माल पोचणारच नाही, आणि तो चढाच राहील. एडीआरचं हेच झालं. तो फार स्वस्त होऊ शकत नाही, पण बराच महाग राहू शकतो.

२००० च्या आसपासची काही वर्षं इन्फोसिसचा एडीआर मुंबईपेक्षा कधी कधी ४० टक्क्यांच्याही वर महाग चालायचा. विनिमय दर सगळ्यांना दिसत होता, फरकही दिसत होता, पण माल न्यायला रस्ता नव्हता. मग कंपनीनं २००३, २००५ आणि २००६ मध्ये स्वतःच रस्ता काढून दिला. भारतातल्या शेअरधारकांनी शेअर जमा करायचे, त्यांचे एडीआर करून अमेरिकेत विकायचे, आणि पैसे शेअरधारकांना. याला स्पॉन्सर्ड एडीआर म्हणतात. तिकडे पावत्यांचा पुरवठा वाढला आणि पुढच्या काळात फरक खूपच कमी झाला.

म्हणून एखाद्या कंपनीचा एडीआर कायम ५-७ टक्के महाग दिसला तर "मुंबईत आता तेवढा वाढणारच" असं समजू नका. बहुतेक वेळा तो अरुंद रस्त्याचा भाव असतो.

आता आपल्या दुकानदार मित्राचं उत्तर

मुंबईचा बाजार सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन. न्यूयॉर्क आपल्या घड्याळानं उन्हाळ्यात संध्याकाळी ७ ला उघडतो, हिवाळ्यात ८ ला, आणि साडेसहा तास चालतो. दोन्ही बाजार एकाच वेळी कधीच चालू नसतात. त्यामुळे प्रत्येकाची टक्केवारी त्याच्या स्वतःच्या कालच्या बंद भावापासून मोजलेली असते.

सोमवारी मुंबईत १,५०० आणि रात्री एडीआर १७.६५, दोन्ही जुळलेले. मंगळवारी दिवसा मुंबईत शेअर २ टक्के वाढून १,५३० झाला. त्या वेळी न्यूयॉर्क झोपलेलं. रात्री एडीआर ३ टक्के वाढून १८.१८ वर बंद झाला. त्याला ८५ नं गुणा, १,५४५ येतात. म्हणजे बुधवारी सकाळी मुंबईत जागा होती फक्त १,५३० वरून १,५४५ पर्यंत, जेमतेम १ टक्का. त्या ३ टक्क्यांतले २ टक्के मुंबईनं आदल्या दिवशीच घेतले होते. उरलेला १ टक्काही ९ वाजताच्या प्री-ओपनमध्येच भावात बसला. आपला मित्र पोचला तोपर्यंत पातेलं रिकामं होतं.

तेव्हा सकाळी कोणी व्हॉट्सॲपवर "एडीआर जोरात" असं टाकलं, तर टक्केवारी बघू नका. एडीआरचा बंद भाव घ्या, सकाळचा डॉलर दर घ्या, गुणा करा आणि मुंबईच्या कालच्या बंद भावाशी लावून बघा. दोन्हीकडे इन्फोसिसचं नाव INFY असंच दिसतं. न्यूयॉर्कमध्ये एचडीएफसी बँक HDB आणि आयसीआयसीआय बँक IBN नावानं दिसते, त्यांना ३ नं आणि २ नं भागायला विसरू नका.

आणि "दोन देशांतल्या भावाच्या फरकातून महिन्याला पक्का परतावा" अशी स्कीम घेऊन कोणी दुकानात आला, तर त्याला एकच विचारा: एडीआर मोडून शेअर कोणाच्या खात्यात येतात, आणि त्या दिवसांत डॉलरची जोखीम कोण घेतं? वरचा १५ कोटींचा हिशेब ज्याला मांडता येत नाही, त्याच्याकडे तुमच्या मालाचे पैसे द्यायचे नाहीत.

या आठवड्याचा गृहपाठ: सलग पाच दिवस INFY चा हा हिशेब वहीत लिहा. शेवटच्या रकान्यात फरक किती टक्के ते टाका. पुढच्या बॅचला वही घेऊन या, तिथंच बसून तपासू.